‘शेवटची ताकीद’ पाचव्यांदा ऐकल्यावर

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी, शासकीय कार्यालयाच्या आस्थापना शाखेत काम करतो, आणि गेल्या मंगळवारी आमच्या हॉलमध्ये जे घडले त्याचा संताप अजून उतरलेला नाही. आवक-जावक टेबलवरच्या ताई फोनवर बोलत होत्या. साहेब केबिनचे दार उघडून बाहेर आले आणि अर्ज घेऊन उभ्या असलेल्या गावकऱ्यांसमोर, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “दिवसभर मोबाईलवरच असता तुम्ही. ही शेवटची ताकीद.” ताईंनी फोन ठेवला, मान खाली घातली आणि समोरच्या अर्जावर पोचेचा शिक्का मारला, तो उलटा उमटला. रांगेतल्या म्हाताऱ्या बाबांनी तो कागद हातात घेतला आणि काही न बोलता घडी करून खिशात ठेवला.

पंधरा मिनिटांनी कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश आला: “काही कर्मचारी कामाच्या वेळेत मोबाईलमध्ये गुंतलेले आढळतात. शेवटची ताकीद.” हे ‘काही कर्मचारी’ कोण, हे कोणी विचारले नाही. संध्याकाळपर्यंत निदान सात जणांनी माझ्या टेबलाशी येऊन “भाऊसाहेब, हे माझ्याबद्दल होते का?” असे विचारले, आणि जो खरोखर दुपारभर रील पाहत बसतो तो त्या सात जणांत नव्हता.

ताईंची चूक नव्हती, असे मी म्हणणार नाही. त्या सकाळी ११.२० ते ११.४० असे वीस मिनिटे फोनवर होत्या आणि तीन अर्जदार पोच घेण्यासाठी ताटकळत उभे होते. त्यांचे सासरे लातूरला दवाखान्यात दाखल होते आणि मुलगा तिथून फोन करत होता, हे मला नंतर कळले, आणि साहेबांना तर आजही ठाऊक नाही, कारण ओरडणाऱ्या माणसाला कोणी कारण सांगत नाही. सांगायचे एवढेच होते, की फोन घेऊन बाहेर जा आणि शेजारच्या टेबलला सांगून जा. त्याऐवजी ‘दिवसभर’ हा शब्द वापरला गेला, जो खोटा आहे, आणि ‘शेवटची’ हा शब्द वापरला गेला, जो मी या वर्षात पाचव्यांदा ऐकतो आहे.

या पाचही ताकिदींचा एकही कागद माझ्याकडे नाही, आणि आस्थापनेचे काम करणाऱ्याला सर्वांत जास्त चीड याचीच येते. उद्या एखाद्याला खरोखर ज्ञापन द्यावे लागले, तर त्याआधी त्याला समज दिली होती हे मी कशावरून दाखवणार? साहेबांची बदली झाली की नवे साहेब पहिल्यापासून सुरुवात करतील. तिकडे कर्मचाऱ्याच्या हातीही काही राहत नाही, कारण आपल्यावर नेमका आक्षेप काय होता आणि आपण तेव्हा काय उत्तर दिले, हे त्यालाही दाखवता येत नाही.

नियम नाहीत असेही नाही. सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२१ मध्ये मोबाईल वापराबाबत स्पष्ट सूचना काढल्या आहेत: कार्यालयीन कामासाठी शक्यतो दूरध्वनी वापरावा, मोबाईलवर हळू आवाजात आणि थोडक्यात बोलावे, वैयक्तिक फोन कक्षाबाहेर जाऊन घ्यावा. ताईंना सांगायचे ते नेमके यात लिहिलेले आहे. (आमचा टेबलवरचा दूरध्वनी कित्येक महिने बंद आहे आणि साहेबांचे निम्मे आदेश व्हॉट्सॲपवरच येतात, त्यामुळे हातात मोबाईल दिसला म्हणजे वैयक्तिक काम चालले आहे, असे धरून चालणे हाच मुळात अन्याय आहे.)

म्हणून मी बुधवारी सकाळी बसून त्या ओरडण्याचे लेखी रूप तयार केले. पहिल्या खर्ड्याच्या विषयात मी ‘स्मरणपत्र’ लिहिले होते, ते लगेच खोडले, कारण आमच्याकडे स्मरणपत्र म्हणजे प्रलंबित पत्राचे उत्तर मागणारे पत्र. ‘ठपका’ हा शब्द तर येऊच द्यायचा नव्हता. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये ठपका ही किरकोळ शिक्षा आहे आणि ती देण्याआधी कर्मचाऱ्याला आरोप लेखी कळवून त्याचे म्हणणे ऐकावे लागते. तो शब्द सहज लिहून टाकला, तर आठवण देण्याच्या नावाखाली चौकशीविना शिक्षा दिल्यासारखे होते. शेवटी विषय ठेवला, ‘कार्यालयीन सूचनांची आठवण’, आणि मजकूर असा लिहिला:

“मंगळवारी सकाळी ११.२० ते ११.४० या वेळेत आपण आवक-जावक टेबलवर वैयक्तिक दूरध्वनीवर बोलत होता व त्या वेळी तीन अर्जदार पोच घेण्यासाठी थांबले होते. शासनाच्या जुलै २०२१ च्या सूचनांनुसार वैयक्तिक दूरध्वनी कक्षाबाहेर जाऊन घ्यावयाचा आहे. यापुढे असा दूरध्वनी आल्यास शेजारील सहकाऱ्यास टेबल सांभाळण्यास सांगून बाहेर जावे. घरी आजारपण अथवा तातडीची अडचण असल्यास तशी कल्पना शाखाप्रमुखांना द्यावी, म्हणजे त्या काळात पर्यायी व्यवस्था करता येईल. आपले काही म्हणणे असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे. हे पत्र शिक्षेच्या स्वरूपाचे नाही व त्याची नोंद सेवापुस्तकात घेतली जाणार नाही.”

मंगळवारच्या जागी प्रत्यक्ष दिनांक घातला. ‘सतत’, ‘नेहमी’, ‘वारंवार’, ‘बेजबाबदारपणे’ हे चारही शब्द आधीच्या खर्ड्यात होते. ते काढले, कारण एका दिवसाच्या वीस मिनिटांवरून त्यातला एकही सिद्ध होत नाही. जे डोळ्यांनी दिसले आणि घड्याळाने मोजले तेवढेच ठेवले.

मजकूर एवढा जपून लिहिला, तरी तो पोहोचवण्यात सगळे बिघडू शकते. आमची जावक नोंदवही टेबलवर उघडी पडलेली असते आणि येणारा-जाणारा ती चाळतो. तिथे ताईंच्या नावासमोर ‘मोबाईल वापराबाबत’ असे लिहिले, की लिफाफा कितीही बंद असला तरी गावभर बातमी झालीच. त्यातही ही नोंदवही ताईंच्याच टेबलवर असते, म्हणजे स्वतःची नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायची! म्हणून विषयाच्या रकान्यात ‘आस्थापनाविषयक’ एवढेच लिहायचे, ती नोंद मी करायची, लिफाफा शिपायाकडे न देता मी स्वतः अभिलेख कक्षात बोलावून द्यायचा आणि कार्यालयीन प्रतीवर तारखेसह सही घ्यायची. ग्रुपवर एक अक्षर टाकायचे नाही. शिवाय खर्ड्यासोबत साहेबांसाठी लिहिलेल्या टिपणीत मी हेही नमूद केले, की अशीच वेळ-तारखेची नोंद इतरांबाबत झाली, तर हेच पत्र याच शब्दांत त्यांनाही जाईल, मग ते साहेबांच्या मर्जीतले असोत की नसोत.

खर्डा आणि टिपणी यांची नस्ती बुधवारी दुपारी मंजुरीसाठी केबिनमध्ये गेली. शुक्रवारी ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत आली. चर्चेला गेलो, तर साहेब म्हणाले, “अहो, मी तोंडी सांगितले ना, मग कागद कशाला वाढवता?” तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला आणि माझ्यासमोर, जागेवर बसूनच, त्यांनी मेहुण्याच्या प्लॉटच्या व्यवहारावर दहा मिनिटे बोलणे केले. मी नस्ती घेऊन बाहेर आलो. २०२१ च्या सूचनांची प्रत ध्वजांकित करून ती सोमवारी पुन्हा सादर करणार आहे.