हेल्विडियस सिनेटमध्ये गेलाच कशाला?

"स्टोइक लोकांचं सगळं तत्त्वज्ञान एका ओळीत: जे तुमच्या कंट्रोलमध्ये नाही ते सोडून द्या. राजकारण, अन्याय, दुसऱ्याचं दुःख यातलं काहीच तुमच्या हातात नाही, मग त्रास कशाला? दगड व्हा, सुखी राहा."

स्टोइक म्हणजे जुन्या ग्रीस-रोममधला तत्त्वज्ञांचा एक पंथ. त्यांच्याबद्दलचा हा फॉरवर्ड मला या महिन्यात तीन ग्रुपवर आला, त्यामुळे एकदाच लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे आपल्या हातात काय आणि काय नाही याची यादी. स्टोइकांपैकी एपिक्टेटस हा गुलाम म्हणून वाढलेला माणूस, पुढे ग्रीसमधल्या निकोपोलिसला शाळा चालवायचा, त्याचं बोलणं एरियन नावाच्या विद्यार्थ्याने लिहून ठेवलं. त्याच्या छोट्या पुस्तिकेच्या सुरुवातीलाच यादी आहे: आपल्या हातात आहे आपलं मत, आपली इच्छा, आपली नावड, काही करण्याची आपली आतली ओढ. हातात नाही शरीर, पैसा, नाव, पद. नीट बघा, यात 'राजकारण' किंवा 'अन्याय' असे विषय वाटून दिलेलेच नाहीत. रेषा प्रत्येक गोष्टीच्या मधून जाते, म्हणजे मीटिंगमध्ये खरं बोलायचं का हे माझं, आणि ते ऐकून साहेब काय करेल हे त्याचं. (इथे कुणीतरी 'कर्मण्येवाधिकारस्ते' म्हणणार हे माहितीये, पण तिथे रेषा कर्म आणि फळ यांच्यात आहे, इथे ती त्याच्याही आत आहे, कारण हात उचलायचं ठरवणं माझं असलं तरी हात उचलला जाईलच याची खात्री नाही, लकवा भरू शकतो.)

आता "सोडून द्या" वाल्यांना माझा एकच प्रश्न, मग एपिक्टेटस आपल्या विद्यार्थ्यांना हेल्विडियस प्रिस्कसचा किस्सा का सांगत होता? हेल्विडियस रोमचा सिनेटर. सम्राट वेस्पेशियनने निरोप पाठवला, सिनेटमध्ये येऊ नकोस. हा म्हणाला, मला सिनेटर ठेवायचं की नाही हे तुझ्या हातात, पण आहे तोवर मला यावं लागणार. सम्राट म्हणतो, बरं ये, पण गप्प बस. हा म्हणतो, मला मत विचारू नकोस, बसतो गप्प. सम्राट म्हणतो, पण विचारावं तर लागणार मला. हा म्हणतो, मग मला जे योग्य वाटतं ते बोलावं लागणार. सम्राट म्हणतो, बोललास तर ठार मारीन. यावर हेल्विडियस म्हणतो, मी अमर आहे असं तुला कधी म्हणालो? मारणं तुझं काम, न थरथरता मरणं माझं. शेवटी त्याला हद्दपार केलं आणि मग खरंच मारलं, साधारण इ.स. 75 च्या सुमारास.

म्हणजे बघा, जीव, पद, सम्राटाचा मूड यातलं एकही त्याच्या हातात नव्हतं आणि हे त्याला पक्कं माहीत होतं, पण त्यातून त्याने "मग घरी बसतो" असा अर्थ काढला नाही, कारण सिनेटर आहे तोवर बोलणं हे त्याचं काम आणि ते काम त्याच्या बाजूला येतं. धमकीला पकडायला जागाच उरली नाही. एकट्याने बोलून काय झालं असं विचारलं तर एपिक्टेटस म्हणतो, कापडातल्या जांभळ्या धाग्याने कापडाचं काय भलं होतं? तो उठून दिसतो आणि बाकीच्यांपुढे चांगला नमुना ठेवतो, एवढंच.

एक मात्र मान्य करतो. या शिकवणीला मर्यादा आहे. एपिक्टेटसने स्वतः गुलामी भोगली तरी गुलामगिरीची पद्धत बंद करा असं तो म्हणत नाही, तो गुलामाला आतून मोकळं व्हायला शिकवतो. यावर टीका करा, जरूर करा, पण ती टीका वेगळी आणि "अन्याय दिसला तर मान फिरव" वेगळं.

राहिलं दगडाचं. एपिक्टेटस स्वतःच म्हणतो की मी पुतळ्यासारखा भावनाशून्य असता कामा नये, मुलगा, भाऊ, बाप, नागरिक म्हणून नाती सांभाळली पाहिजेत. एक सरकारी अधिकारी त्याला सांगतो, मुलगी इतकी आजारी होती की बघवेना, मी घरातून पळूनच गेलो, ती बरी आहे असं कळलं तेव्हा परत आलो, प्रेमच तसं होतं. एपिक्टेटस त्याला प्रेम कमी कर म्हणत नाही. विचारतो, आईचं प्रेम नव्हतं का? दाईचं? मग त्यांनीही पळून जायला हवं होतं का? आणि तू आजारी पडलास तर तुझ्या माणसांनी तुझ्यावर असंच प्रेम करावं का, म्हणजे तू एकटाच पडून राहशील? आजार बापाच्या हातात नव्हता, खाटेजवळ बसणं होतं.

आणि घाबरण्याचं म्हणाल तर औलस गेलियस या रोमन लेखकाने एक प्रसंग लिहून ठेवलाय. वादळात सापडलेल्या जहाजावर एक स्टोइक गुरुजी पांढरेफटक पडलेले, वादळ ओसरल्यावर एक श्रीमंत प्रवासी त्यांना टोमणे मारतो. नंतर गेलियसने खरं कारण विचारलं तर त्यांनी पिशवीतून एपिक्टेटसचंच पुस्तक काढून दाखवलं: पहिला धक्का बसतो, रंग उडतो, तो शहाण्यालाही आवरत नाही, मात्र 'हे खरंच भयंकर आहे' असं त्या धक्क्याला कबूल करायचं की नाही, तेवढं त्याच्याकडे राहतं.