कापूर आणि खोबऱ्याचा तो फॉरवर्ड कृपा करून थांबवा

«विमानात पूजेचं साहित्य आता बिनधास्त न्या, सरकारने परवानगी दिली आहे. नारळ हँडबॅगेत चालतो. कापूर फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका. सुकं खोबरं खायची वस्तू आहे, कुठेही चालतं. कोणी अडवलं तर हा मेसेज दाखवा. सर्व ग्रुपवर पाठवा.»

हा मेसेज माझ्या आत्याने वाचला आणि मुलाच्या वास्तुशांतीला बेंगळुरूला जाताना पाव किलो कापूर आणि खोबऱ्याच्या पाच वाट्या मोठ्या बॅगेत भरल्या. फॉइलसकट. बॅग दिली, सिक्युरिटी झाली, आत्या गेटवर निवांत बसलेली आणि तिचं नाव पुकारलं. गुडघे दुखत असताना परत खाली जाऊन अनोळखी माणसांसमोर बॅग उघडावी लागली, दोन्ही वस्तू काढून घेतल्या. तिने मेसेज दाखवला, पण त्याला कोण विचारणार? फ्लाइट मिळाली एवढंच. म्हणून हे लिहितोय.

आधी कापूर, कारण धोका सगळ्यात जास्त तिथे आहे. धोकादायक मालाची संयुक्त राष्ट्रांची एक यादी आहे, जगभरच्या एअरलाइन्सचे नियम तिच्यावर उभे आहेत. त्यात कापराला स्वतःचा नंबर आहे, UN 2717, वर्ग 4.1, म्हणजे सहज पेटणारा घन पदार्थ. केबिन नाही, चेक-इनही नाही. वड्या असोत, पावडर असो, भीमसेनी असो, प्रवाशाच्या बॅगेत घालायचाच नाही.

आणि फॉइलने काय होणार? कापूर वितळून नाही, घनाचा थेट वायू होऊन उडतो, तेही घरातल्या तापमानाला. म्हणून तर आपण कापराच्या डबीत मिरे टाकून झाकण घट्ट लावतो आणि तरी महिन्याभराने वड्या झिजलेल्याच दिसतात. गुंडाळलेल्या फॉइलच्या घड्यांतून ती वाफ बाहेर येतेच, बॅग उघडल्यावर साड्यांना वास येतो तो त्याचाच. वाफ पेटायला साधारण 65 अंश पुरतात आणि एकदा पेटला की वात लागत नाही, तेल लागत नाही, आरतीच्या ताटात रोज बघतो आपण. उडत्या विमानात खालच्या सामानापर्यंत कोणी हात घालू शकत नाही, त्यामुळे «थोडासाच आहे» हे तिथे चालत नाही.

खोबऱ्याचं लोकांना पटत नाही, मलाही आधी पटलं नव्हतं. खायची वस्तू आहे हे खरंच. पण सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं, त्या तेलाचा हवेशी संयोग होताना उष्णता निघते, आणि ढीग मोठा असेल, त्यात ओल राहिली असेल तर ती उष्णता आत कोंडून माल बाहेरून ठिणगी न लागता पेटू शकतो. म्हणून त्याच यादीत ते UN 1363, वर्ग 4.2 आहे, आपोआप पेट घेणारे पदार्थ. पाच वाट्या पेटणार नाहीत, हे मान्य. पण तपासणीत वाट्या मोजत नाहीत, वस्तू बघतात, आणि भारतात चेक-इन सामानात सुकं खोबरं 2022 पासून नाव घेऊन बंद आहे.

आता नारळ, आणि इथे मेसेजमध्ये अर्धं खरं आहे हे नाइलाजाने कबूल करतो. ऑक्टोबर 2024 मध्ये परवानगी निघाली होती, पण ती शबरीमलाला इरुमुडी, म्हणजे डोक्यावरून न्यायचं पूजेचं गाठोडं, घेऊन जाणाऱ्या भाविकांसाठी, 20 जानेवारी 2025 पर्यंत, तेही एक्स-रे, स्फोटकांची चाचणी आणि हाताने तपासणी करून. त्यातला तूप भरलेला नारळ म्हणजे आपल्या ओटीचा नारळ नव्हे. एरवी अख्खा नारळ केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. चेक-इनमध्ये बऱ्याच एअरलाइन्स पाण्याचा नारळ घेतात, पण आपल्या एअरलाइनची यादी बघूनच ठरवा. आणि घरीच कानाशी धरून हलवा, पाणी वाजत नसेल तर आत गोटा झालेला असू शकतो, म्हणजे पुन्हा खोबरंच.

बाकी, काडेपेटी कुठेच नाही. तांब्याचा कलश, घंटा, समई, हळदकुंकू, सुपाऱ्या, सीलबंद गंगाजल हे मोठ्या बॅगेत टाका, अडचण नाही.

आत्याची पूजा अडली नाही. आतेभावाच्या घराखालीच ग्रंधिगे अंगडी होती, तिथे पूजेचं सगळं मिळतं, «कर्पूर» म्हटलं की दुकानदार पुडी काढून देतो. नारळही तिथलाच घेतला.