३९९ रुपये ४ पैसे कुठे गेले?

"बिलं वाचायचं काम आता मशीनच करतं, तुला फक्त इम्पोर्ट करायचंय," असं साहेब म्हणाले आणि निघून गेले. या "फक्त" शब्दावर ऑफिसात बंदी घातली पाहिजे असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण आजवर माझ्या वाट्याला आलेल्या प्रत्येक उशिरा संपलेल्या कामाची सुरुवात याच शब्दाने झालेली आहे.

तर महिन्याची खरेदीची ११२ बिलं होती. पीडीएफ टाकल्या की त्यातून तारीख, बिल नंबर, पार्टी, रकमा, टॅक्स असं सगळं काढून एक्सेल देणारं सॉफ्टवेअर घेतलेलं, आणि खरं सांगते, ते वाचतं चांगलं. भानगड त्याच्या पुढे आहे. त्या एक्सेलमध्ये एका बिलाची एक ओळ असते, आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या इम्पोर्ट टेम्प्लेटला त्याच बिलाच्या आठ-नऊ ओळी हव्या असतात, प्रत्येक ओळीत एक लेजर, डेबिट की क्रेडिट, आणि रक्कम. लेजरचं नाव कसं पाहिजे, तर आपल्या पुस्तकात जसं आहे अगदी तस्सं. आपल्या पुस्तकात नावं कशी आहेत, तर माझ्या आधी या खुर्चीवर जे जे बसून गेले त्यांच्या त्या त्या दिवशीच्या मूडप्रमाणे.

नमुना सांगते. समजा बिलावर ABC TRADERS आहे. आमच्याकडे ABC Traders आहे, A.B.C. Traders आहे, ABC Tredars आहे, आणि सगळ्यात वर कुणीतरी उघडून ठेवलेलं "ABC Traders (पैसे देऊ नये)" असं एक लेजर आहे. का देऊ नये, कुणी सांगितलं, अजूनही देऊ नये का, काही पत्ता नाही.

म्हणून मी डोकं चालवलं आणि नावावरून जुळवायचं सोडून जीएसटी नंबरवरून जुळवलं. हे बरोबरच आहे, यात चूक नाही. नाव बदलतं, स्पेलिंग बदलतं, पण त्या राज्यातल्या त्या नोंदणीचा पंधरा अक्षरांचा नंबर एकच, पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा पॅनची, उरलेल्या तीनात शेवटचं तपासणीचं. लेजर मास्टरची यादी काढली, एका बाजूला नंबर, दुसऱ्या बाजूला लेजरचं नाव, आणि VLOOKUP लावला. आता VLOOKUP ला एकाच नंबराची चार लेजरं दिसली तर तो विचार वगैरे करत बसत नाही, जे पहिलं दिसेल ते उचलतो. पहिलं कोण होतं ते वर लिहिलंच आहे. म्हणजे ज्याला पैसे देऊ नयेत त्याच्याच खात्यावर मी महिन्याभराचं देणं चढवायला निघाले होते.

त्याहून भारी गंमत म्हणजे सहा बिलांत पार्टी म्हणून आमचीच कंपनी आली! बिलावर जीएसटी नंबर दोन असतात, विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, आणि ज्या बिलांत घेणाऱ्याचा वर ठळक छापलेला तिथे मशीनने तोच उचलला. कागदोपत्री आम्ही स्वतःकडूनच माल घेतला आणि स्वतःचेच देणेकरी झालो. यावर उपाय सोपा आहे, पार्टीच्या रकान्यात स्वतःचा नंबर दिसला की ती ओळ लाल करायची, पण सोपे उपाय तोंडावर आपटल्यावरच सुचतात.

सगळं जुळवून संध्याकाळी फाइल टाकली. ११२ पैकी ३८ आत, ७४ बाहेर. एरर बघितले तर बहुतेक ठिकाणी एकच तक्रार, Input CGST 9% नावाचं लेजर अस्तित्वात नाही म्हणे. आता ते लेजर माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीनवर उघडं होतं! मी दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून बघितली, अक्षरन् अक्षर तेच. मग शेवटी =LEN(A2) लावलं, पुस्तकातल्या नावाची लांबी १३, माझ्या टेम्प्लेटमधल्या नावाची १४. शेवटी एक स्पेस बसलेली, गुपचूप. बरं, TRIM मारलं तरी हलेना, कारण वेबपेजवरून नाहीतर पीडीएफमधून कॉपी केलं की कधीकधी वेगळ्याच जातीची स्पेस येते, दिसायला तशीच, पण TRIM तिला ओळख दाखवत नाही. तिला आधी साधी करायची आणि मग उडवायची:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))
```

जी जागा मुळात रिकामी आहे ती पुसण्यात मी पाऊण तास घालवला. घरी कसं सांगणार हे?

यानंतर एक-दोन फुटकळ एरर निस्तरले आणि मग उरली ती बिलं ज्यांची बेरीजच जमत नव्हती. त्यातलं पहिलं उघडलं. १८ टक्क्यांचा माल १२,३४० चा, ५ टक्क्यांचा ३,२७५.५० चा, एकूण बिल १८,४७२. आणि सॉफ्टवेअर म्हणत होतं, डेबिट-क्रेडिटमध्ये फरक ३९९.०४.

मी बिलावर ३९९.०४ शोधलं. नाही. ३९९ शोधलं. नाही. मग कॅल्क्युलेटर घेऊन जे दिसेल त्यातून जे दिसेल ते वजा करत बसले.

आमच्याकडे एक काका आहेत, हिशोबातले जुने, निवृत्त होऊनही रोज येतात, चहा आणि टीका दोन्ही वेळेवर करतात. ते मागे येऊन उभे राहिले. "अगं, टॅक्स बघ आधी," म्हणाले. "बारा हजार तीनशे चाळीसवर नऊ टक्के किती?"

"अकराशे दहा साठ."

"आणि बिलावर सीजीएसटी किती लावलाय?"

बिलावर होते १,१४६.६०. छत्तीस रुपये जास्त. "छत्तीस रुपये नऊ टक्क्यांनी कशावर लागतात?" काका म्हणाले आणि मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी बिलाच्या तळाशी बोट ठेवलं. Freight, ४००. मालाचा तक्ता संपल्यावर खाली एकटीच बसलेली भाड्याची ओळ, मशीनने तक्ता वाचला आणि तिथेच थांबलं. टॅक्स मात्र भाडं धरून काढलेला आला. खरेदीत भाडं नाही, पण टॅक्समध्ये आहे.

भाड्याची ओळ घातली. मी विजयी मुद्रेने वळले, पण फरक अजून होताच, आता ०.९६.

"काका, शहाण्णव पैसे आहेत हो, राउंड ऑफला टाकून मिटवून टाकू?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मंदिरात चप्पल घालून शिरलेय. "मिटेल. या बिलाचं मिटेल. बाकीच्यांचं काय करशील? फरक आला की आधी अर्धा करून बघावा, हे तुम्हाला कुणी शिकवत नाही का हल्ली?"

अर्धे, म्हणजे ०.४८. आणि बिलावर, एकूणच्या अगदी वर, बारीक अक्षरात: Round Off (-) 0.48. मशीनने ०.४८ आणले, कंसातला तो वजा तिथेच राहिला. मी सरसकट राउंड ऑफ डेबिटला टाकलेला, तो जायला हवा होता क्रेडिटला. जी रक्कम एका बाजूला हवी ती दुसऱ्या बाजूला गेली की इकडे तेवढी वाढते आणि तिकडे तेवढी कमी पडते, म्हणून फरक दिसतो तो बरोब्बर दुप्पट. ४०० कमी आणि ०.९६ जास्त, म्हणून ते ३९९.०४, जे बिलावर कुठेच छापलेलं नव्हतं आणि कधी सापडणारही नव्हतं, कारण ती दोन चुकांची वजाबाकी होती.

मग उरलेल्या बिलांचे फरक बघितले तर ०.२४, ०.६२, ०.८८. सगळे एक रुपयाच्या आत, सगळे सम पैसे. आणि पहिल्या फेरीत जी बिलं सुखरूप आत गेली होती त्यांचा राउंड ऑफ एकतर अधिक होता किंवा शून्य. इतका सरळ नमुना समोर होता आणि मी ३९९ शोधत बसले होते.

बरोबर झालेलं बिल शेवटी असं दिसलं, भिंतीवर लावावं असं वाटत होतं:

```
ABC Traders       Cr  18472.00
Purchase 18%      Dr  12340.00
Purchase 5%       Dr   3275.50
Freight Inward    Dr    400.00
Input CGST 9%     Dr   1146.60
Input SGST 9%     Dr   1146.60
Input CGST 2.5%   Dr     81.89
Input SGST 2.5%   Dr     81.89
Round Off         Cr      0.48
```

राउंड ऑफ आता मी मशीनकडून घेतच नाही. एकूण बिलातून बाकी सगळ्याची बेरीज वजा करते, ROUND ने दोन दशांशांवर आणते, उत्तर उणे आलं तर क्रेडिट, अधिक आलं तर डेबिट. यावर काकांनी एक अट घातली, आणि ती चोख आहे. उत्तर पन्नास पैशांच्या वर गेलं तर त्याला राउंड ऑफ म्हणायचं नाही, बिल उघडायचं. नाहीतर पुढच्या वेळी सुटलेलं भाडंसुद्धा राउंड ऑफमध्ये गुडूप होईल, व्हाउचर जुळेल, एरर येणार नाही, आणि वर्षाखेरीला राउंड ऑफचं खातं खर्चाच्या यादीत मानाने बसलेलं दिसेल. काकांनी म्हणे एकदा असं खातं बघितलंय. किती रकमेचं होतं ते सांगत नाहीत, नुसते हसतात.

रात्री साडेनऊला फाइल पुन्हा टाकली. एकही एरर नाही. ११२ पैकी ११२ आत. मी काकांना फोन केला, आईला फोन केला, साहेबांना मेसेज टाकला आणि घरी जाऊन शांत झोपले.

सकाळी साहेब केबिनमधून बाहेर आले, हातात खरेदीचं रजिस्टर. "काल एकशे बारा बिलं होती ना? इथे दीडशे व्हाउचर आहेत."

अडतीस. पहिल्या फेरीत आत गेलेली अडतीस. ती फाइलमधून काढायची राहिली, व्हाउचर नंबर सॉफ्टवेअर स्वतःच देतं म्हणून त्याने त्यांना नवे नंबर देऊन आनंदाने पुन्हा आत घेतलं, आणि एररही आला नाही, कारण प्रत्येक व्हाउचर जुळत होतं. एकदा नाही, दोनदा.

"सप्लायरच्या बिल नंबरवर सॉर्ट कर आणि डबल आलेली उडव," साहेब म्हणाले. "फक्त तेवढंच."