१३ वर्षांचं अंतर आणि सासऱ्याच्या नावचा सातबारा

"आत्या, पोरगा ३७ चा हाये, मी २४ ची. बाबा म्हणतात वयाचं काय धरून बसली, आत्याच्या तिकडं तर वीस-वीस वर्षांचा फरक चालते. खरं हाये का? अन् एवढ्या फरकानं पुढं काय होते, हे कोनी शोधून पाह्यलं का?"
(वरुड तालुक्यातून, माझ्या भाचीचा मेसेज)

माझ्या दादाला 'तिकडं'चा फार उपयोग होतो. मुलीनं अमरावतीला खोली करून राहायचं म्हटलं की 'तिकडं' बिघडलेलं असतं, आणि ३७ वर्षांचा जावई गळी उतरवायचा असला की तेच 'तिकडं' पुढारलेलं होतं. मी ऑस्ट्रेलियात, जिलाँगला, वृद्धांच्या निवासात नर्स आहे. अकरा वर्षं झाली. इथे नवरा बायकोपेक्षा सरासरी दोनेक वर्षांनीच मोठा असतो, म्हणजे आपल्या गावापेक्षा कमीच. वीस वर्षांच्या फरकाला कायदा आड येत नाही, पण लोक वळून बघतात.

आमच्याकडे रोज दुपारी चारला एक बाई येतात. त्या ६६ च्या, नवरा ८४ चा. येताना पिशवीत त्याचं दाढीचं मशीन आणतात, कारण इथली दाढी त्याला पटत नाही. नवीन लागलेली प्रत्येक पोरगी त्यांना विचारते, "वडील का?" त्या आता चिडत नाहीत. एकदा मशीन साफ करता करता म्हणाल्या, लग्न झालं तेव्हा त्यांच्या आईनं दोन वर्षं घरात पाऊल ठेवलं नव्हतं. पण बाई शिक्षिका होत्या, स्वतःचं पेन्शन आहे, घर दोघांच्या नावावर आहे. "पैशासाठी केलं असं लोकांना वाटायचं, माझा पगार कुणी विचारलाच नाही," एवढं बोलून त्यांनी मशीन पिशवीत टाकलं.

तर, शोधून पाहिलंय. आणि योगायोगानं इथेच. २००१ पासून मेलबर्न विद्यापीठाची एक संस्था दरवर्षी त्याच त्या घरांत जाऊन त्याच त्या माणसांना प्रश्न विचारते. त्यात एक प्रश्न असतो: जोडीदाराबरोबरच्या नात्यात तुम्ही किती समाधानी आहात, शून्य ते दहा. नवऱ्याचं उत्तर वेगळं, बायकोचं वेगळं. वांग-शेंग ली आणि टेरा मॅकिनिश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी यातली तेरा वर्षांची उत्तरं घेऊन २०१८ मध्ये एक निबंध छापला. त्यांना दिसलं की बायको लहान असली की नवरे जास्त समाधानी असतात. हे ऐकून दादा म्हणेल, बघ! पण पुढचं वाक्य असं, की बायकांचंही तसंच आहे. त्यांनाही आपल्यापेक्षा लहान नवराच जास्त मानवतो, आणि नवरा बराच मोठा असला तर त्यांचा आकडा खाली असतो.

म्हणजे एकाच घरात दोन आकडे निघतात. बैठकीत "जोडा सुखात राहील" असं जे म्हणतात, त्यात नेमका कोणाचा आकडा धरलेला असतो, हे मी सांगायला नको.

या निबंधातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वयात फार अंतर असलेल्या जोड्यांचं समाधान, बरोबरीच्या वयाच्या जोड्यांपेक्षा, लग्नाची वर्षं जातात तसं वेगानं उतरतं. लहान जोडीदार मिळाल्याचा सुरुवातीचा जो आनंद असतो, तो सहा ते दहा वर्षांत पुसला जातो. आणि घराला पैशाचा दणका बसला, तर या जोड्या जास्त खचतात. असं का, याचा लेखकांनी अंदाजच बांधलाय: नोकरी गेली, कर्ज झालं, तर दोघं एकाच वयाचे असले की जुळवून घेणं सोपं जात असावं.

हा दणका इथे कधीतरी बसतो. वरुडला संत्र्याच्या बागेवर तो जवळजवळ वेळापत्रकानं येतो. आंबिया बहाराची फळं ऑगस्टमध्ये गळायला लागली की व्यापारी उभ्या बागेचा सौदा मोडतो, नाहीतर निम्म्यावर आणतो. आता भाचीचं गणित मांडून बघू. पहिलं मूल ती २६ ची असताना झालं, तर नवरा ३९ चा. मूल बारावीला जाईल तेव्हा तो ५६-५७ चा, गुडघे बोलायला लागलेले, आणि ती ४३-४४ ची, फवारणीच्या मजुरांना सांभाळणारी. एखादं खराब साल आलं, तर ट्रॅक्टर विकायचा की कर्ज फिरवायचं यावर दोघांचं मत वेगळं असेल. तिच्यापुढे अजून वीस वर्षं राबायची असतील, त्याला वाटेल आता पुरे. वरून बायका पुरुषांपेक्षा सरासरी दोन-तीन वर्षं जास्त जगतात. तेरात ती मिळवली की पंधरा-सोळा वर्षं एकटीनं काढायची, असा हिशोब निघतो. सरासरीचा हिशोब आहे, कुंडली नाही. पण पत्रिकेतले गुण जुळवणाऱ्या घरात हा कुणी मांडत नाही.

मेलबर्नच्या मंडळात एक ताई आहेत, मूळ नागपूरच्या, आकडेवारीतच काम करतात. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी मला अडवलं. "तू निम्मंच वाचतेयस. एक तर ज्यांचं फाटलं ते जोडी म्हणून आकड्यातून बाहेर पडतात, उरलेल्यांचाच आकडा तुझ्यापुढे येतो. आणि दुसरं, ही सगळी आपल्या मर्जीनं लग्न केलेली माणसं. तुझ्या भाचीला दोन पोह्यांच्या प्लेटांत ठरवायचंय. हा आकडा तिच्या घराला जसाच्या तसा लावू नको." मग त्यांनीच अमेरिकेतलं दुसरं काम दाखवलं. लेहमिलर आणि ॲग्न्यू यांनी २००८ मध्ये दोनशेएक बायकांना विचारलं, तर स्वतःपेक्षा दहाहून जास्त वर्षांनी लहान जोडीदार असलेल्या बायकाच सगळ्यांत समाधानी आणि नात्याला धरून निघाल्या. त्याच दोघांना आधी हेही आढळलं होतं, की लोकांची नापसंती अशा जोड्यांना जाणवते, आणि ती जितकी जास्त जाणवते तितकं नातं तुटायची शक्यता वाढते. म्हणजे "आम्ही कुठे काय म्हणतो" म्हणणारे नातेवाईकही या हिशोबात असतात.

मी हे सगळं घरच्या ग्रुपवर टाकलं. चूक केली.

आमचे निवृत्त गुरुजी लगेच म्हणाले, "मुलगी अठरा झाली की विषय संपला. त्या शारदा नाटकावरून तर शारदा कायदा झाला." म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधण्यावरचं नाटक देवलांचं, १८९९ चं, हे खरं. पण १९२९ च्या कायद्याला ते नाव पडलं हरबिलास सारडांवरून. आणि विषय संपतही नाही, कारण आजच्या कायद्यातही मुलीला १८ आणि मुलाला २१ लिहिलंय. बायको लहानच असायची हा समज त्यातून पक्का होतो, असं विधी आयोगानं २०१८ मध्ये लिहिलं होतं. चुलत भावानं मिलिंद सोमणचा फोटो टाकला. त्याच्यात आणि बायकोत पंचवीसेक वर्षांचं अंतर आहे, ते बरोबर, पण त्या दोघांच्या लग्नात सासरा सातबारा घेऊन बसला नव्हता. आजीला कुणीतरी मेसेज वाचून दाखवला. तिला वाटलं मी तिचीच चौकशी करतेय. तिनं व्हॉइस पाठवला: "मले कोनी इचारलं व्हतं? तुहा आजा चौदा वर्सानं मोठा. तो गेला तवा मी एकेचाळीसची व्हती. मंग मीच बैलं घेतली, मीच इकली." पुढे अर्धा मिनिट नुसता कोंबड्यांचा आवाज.

सातबाऱ्याचं मी मुद्दाम म्हटलं. नात्यात जोर कोणाचा, हे बाहेरचे लोक वयावरून मोजतात. मोठ्याला जास्त मिळतंय असं वाटलं की ते नाकं मुरडतात. मी मात्र आधी विचारीन की पैसा आणि कागद कोणाच्या हातात. तिच्या नावाचं खातं ती स्वतः चालवते का, बी.एड. पूर्ण होणार का, आणि जमीन. लक्ष्मीमुक्तीची सोय आपल्याकडे आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ती चळवळ चालवली, मग १९९२ मध्ये सरकारनं परिपत्रक काढलं. नवरा तलाठ्याकडे अर्ज करून आपल्या जमिनीला बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. पण अडचण अशी, की जमीन त्याच्या स्वतःच्या नावावर असायला हवी. वरुडला ३७ वर्षांचा नवरदेव 'चौदा एकरांचा मालक' म्हणून सांगतात, तेव्हा बहुतेकदा सातबाऱ्यावर त्याचे वडील असतात. मग तो तेरा वर्षांनी मोठा असूनही त्या घरात तिच्याइतकाच विचारून वागणारा असू शकतो. मी भाचीला एवढंच लिहिलं, की सातबारा ऑनलाइन निघतो, काढून बघ.

तिनं काढला. नाव सासऱ्याचंच.

दोन दिवसांनी त्या मुलाचाच फोन आला. नंबर भाचीनं दिला होता. "ताई, तुम्ही माह्या वयावर लेख लिहून ऱ्हायले म्हनते." आवाज दबका, मागे मोटरपंप. म्हणाला, २८ चा होता तेव्हापासून पोरी बघतोय. शेतकरी म्हटलं की परत जातात. नऊ वर्षांत सतरा घरी पोहे खाल्ले. "वय मी वाढवलं का? अन् मी तिले म्हटलं, तू नाही म्हन, मी घरी सांगतो का मलेच पसंत नाही." मला काय बोलावं सुचेना. लक्ष्मीमुक्तीचं विचारलं, तर म्हणाला, "बाबा जिवंत हायेत तोवर माहं नाव नाही, तिचं कुठून लावू?" मग जरा थांबून म्हणाला, "अडीच एकर मी माह्या पैशानं घेतलं हाये. ते माहं हाये."

भाचीला हे माहीत नव्हतं. ती आता म्हणते, पोहे नको, त्याच्यासंगं बाग पाहून येते. दादा म्हणतो, लग्नाआधी पोरगी शेतात गेली तर लोक काय म्हणतील.