मोजमणी की गणित संच? एका प्रतिक्रियेला उत्तर

«यमक-अनुप्रास जुळवून नाव ठेवणं म्हणजे नुसती शब्दांची कसरत. खेळणं पालक विकत घेतात, मूल नाही. 'मोजमणी'सारखं लाडिक नाव देण्यापेक्षा सरळ 'प्राथमिक गणित संच' म्हटलं तर निदान कळेल तरी की आत काय आहे.»

नमस्कार. मुलांच्या मोजायच्या मण्यांच्या खेळण्याला मी 'मोजमणी' हे नाव सुचवलं, त्यावरची ही तुमची प्रतिक्रिया. पैसे पालक देतात, हे मान्य. पण घरी आल्यावर ते खेळणं नाव घेऊन मागणार मूलच, आणि 'मला प्राथमिक गणित संच दे' असं चार वर्षांचं मूल म्हणणार नाही. ते 'ते लाल-पांढरं' म्हणेल, आणि मग नाव असून नसल्यासारखंच.

आत काय आहे हे कळलं पाहिजे, हा तुमचा आग्रह मात्र अगदी रास्त आहे. म्हणूनच मी समासापासून सुरुवात करतो. हे खेळणं म्हणजे एक चौकट, तिच्यात दोन तारा, प्रत्येक तारेवर दहा मणी: पाच लाल, पाच पांढरे. सात मणी सरकवले की पाच लाल आणि दोन पांढरे एका नजरेत दिसतात, एकेक मोजावा लागत नाही. आपल्याकडच्या अशा जोडशब्दांत वस्तू कोणती ते सहसा शेवटचं पद सांगतं आणि पहिलं पद तिचं काम सांगतं. मोजपट्टी ही पट्टीच असते, मोजण्याची. मोजमणी त्याच साच्यातला आहे: मणी, मोजण्याचे. क्रम उलटून 'मणीमोज' केलं तर अनुप्रास तसाच राहतो, पण हातात काय येणार ते कळेनासं होतं.

आता कसरतीबद्दल. १९७८ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 'स्पीक अँड स्पेल' हे बोलणारं खेळणं आणलं. त्यात यंत्र शब्द उच्चारतं आणि मूल त्याचं स्पेलिंग करतं. दोन क्रियापदांत सगळा खेळ आला, आणि दोन्हींची सुरुवात एकाच आवाजाने. हा अनुप्रास वरून चिकटवलेला नाही, तो काढायचा तर अर्थच काढावा लागेल. पुढे त्याच मालिकेत 'स्पीक अँड मॅथ' आलं. अर्थ नीट कळतो, पण कानाला ती जोडी लागत नाही.

मराठीत अनुप्रास जुळवताना लोक डोळ्यांवर विसंबतात आणि फसतात. चित्रं असलेल्या फिरत्या चाकाला 'चित्रचाक' म्हणावं असं कुणालाही वाटेल. कागदावर च आणि च. मोठ्याने म्हणून बघा: 'चित्र'मधला च वेगळा, 'चाक'मधला 'चमचा'तल्यासारखा दंत्य. कानाला अनुप्रास नाहीच. शिवाय मधे 'त्र'ला लागूनच च येतो, तिथे लहान जीभ अडखळते. 'शब्दसाखळी'चं तेच: ब, द आणि स एकमेकांवर आदळतात आणि मूल 'शब्साखळी' म्हणून मोकळं होतं. मोजमणीत दोन्ही पदांच्या तोंडाशी म आहे. तो ओठांचा आवाज, मुलांना फार लवकर येणारा. मधला ज आणि म यांचा सांधाही सोपा आहे.

यमकाबद्दल मी तुमच्याहून जास्त साशंक आहे, कारण आपल्या भाषेत यमकाला एक खोड आहे. 'गणित-बिणित' म्हटलं की यमक जुळतं आणि गणित हलकं होतं. दुसऱ्या पदाला स्वतःचा अर्थ नसेल तर ऐकणाऱ्याला हे 'बिणित'च वाटणार. म्हणून दोन्ही पदं अर्थाची हवीत. याच खेळण्यासाठी 'जोडतोड' सुचलं होतं. यमक चोख, कामही बरोबर: मणी जोडा, मणी तोडा, म्हणजे बेरीज-वजाबाकी. पण मोठ्यांना ते ऐकताच खेळणं नाही, सत्तेसाठी चाललेली आमदारांची पळवापळवी आठवते. तयार जोडशब्द उचलला की त्याचा जुना अर्थही सोबत येतो. ते नाव मी तिथेच सोडलं.

नाव पारखायला मी फोन वापरतो. खेळणं न पाहिलेल्या माणसाला नाव एकदाच सांगायचं, अक्षरं फोडून सांगायची नाहीत, आणि त्याने ते लिहून पाठवायचं. इथे मोजमणीतही एक अडचण निघते: कुणी 'मोज मणी' असं तोडून लिहितं, कुणी 'मोजमणि' असं ऱ्हस्व. ऑनलाइन शोधणाऱ्याला ही तिन्ही रूपं सापडायला हवीत, तेव्हा विक्रीच्या पानावर तिन्ही टाकून ठेवायची. मुलांची परीक्षा वेगळी. खेळणं कपाटात ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी 'काय खेळूया?' एवढंच विचारायचं. मूल नाव घेतं की बोट दाखवतं, हे बघायचं.

तुमचं 'प्राथमिक गणित संच' मी टाकून देत नाही. ते खोक्यावर नावाखाली बारीक अक्षरांत यावं, तेही जरा नेमकं करून: 'वीस मण्यांची बेरीज-वजाबाकी चौकट'. पालक ती ओळ वाचतील.