सुनेचं सोनं सुरक्षित कसं ठेवावं?

लग्न पार पडलं, मांडव उतरला, केटररचा हिशेबही भांडून मिटला. आता तुमच्यापुढे एकच काम उरलंय, सुनेच्या अंगावरचे दागिने उतरवून घेण्याचं. यासाठी सगळ्यात चांगली वेळ म्हणजे सत्यनारायण झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर. त्याआधी हात घातलात तर चारचौघांत लोभ दिसतो आणि फार थांबलात तर पोरगी माहेरच्या बँकेत स्वतःच्या नावाचा लॉकर घेऊन मोकळी होते.

शब्द मात्र जपून वापरा. 'दे' म्हणायचं नाही, 'आमच्याकडे ठेव' असंही नाही. लाडाने म्हणायचं, "अगं, दिवस कसले आहेत बघतेस ना, आईंकडे सांभाळायला दे." दोन दिवसांची नवरी यावर "पावती द्या" असं म्हणत नाही. तशी म्हणाली तर ती संसार करायला आलेली नाही, हे सगळ्या भावकीला सांगायला तुम्ही मोकळे.

एवढंच लक्षात असू द्या की 'सांभाळायला' हा शब्द तुमच्या तोंडात जितका गोड लागतो, त्याहून कोर्टाला जास्त आवडतो. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते, हा शब्द मी रोज ऐकते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगून ठेवलंय की स्त्रीधन हे बाईच्या एकटीच्या मालकीचं. ते नवरा-बायकोचं सामाईकसुद्धा नाही. नवऱ्याकडे किंवा सासूकडे ते ठेवायला दिलं असेल तर ते नुसते राखणदार. मागितल्यावर परत द्यायचं, नाही दिलं किंवा परस्पर फुंकलं तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा. म्हणजे 'तिने आम्हाला देऊन टाकलं' असं म्हणालात तर देऊन टाकल्याचा पुरावा तुम्ही आणायचा, आणि 'सांभाळायला दिलं' असं म्हणालात तर काय सांभाळलंत ते दाखवायचं. पण एवढ्याने घाबरू नका. तिच्याकडे कागद नसला की अर्धी लढाई तुमचीच.

म्हणून पहिलं पथ्य: यादी होऊ द्यायची नाही. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ सालचे नियम आहेत. लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करावी, प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहावं, खाली नवरा-नवरी दोघांनी सही करावी, असं त्यात आहे. आपल्याकडे लग्नात अकरा-एकवीस रुपयांच्या आहेराची वही काटेकोर ठेवतात, कोणत्या मामाने स्टीलचा डबा दिला तेही त्यात असतं. चौदा तोळ्यांची यादी करायची म्हटली की मात्र "व्यवहार करायला बसलोय का आम्ही?" असं म्हणून उठायचं. हे वाक्य पाठ करून ठेवा, उपयोगी पडतं.

दुसरं, सराफाचं बिल. सोनं तिच्या वडिलांनी घेतलेलं असतं, म्हणून बिलावर त्यांचं नाव, दागिन्याचं वजन, घडणावळ सगळं असतं. आता तर हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी क्रमांकही असतो आणि काही सराफ तो बिलावरही टाकतात. त्यावर उपाय एकच, दागिना मोडायचा. मोडला की क्रमांक गेला, घाट गेला, उरला गोळा. त्या गोळ्यातून नणंदेच्या पाटल्या झाल्या तर कुठलं सोनं कुठे गेलं हे कोण सांगणार?

(सूनमुख बघताना सासूबाईंनी ठुशी घातली असेल, तर "ती आमची, घरातलीच, ती परत दे" असं हक्काने म्हणायची पद्धत आहे. जरूर म्हणा. सासरकडून मिळालेला दागिनाही स्त्रीधनच ठरतो, हे तिला ठाऊक नसलं म्हणजे झालं.)

माझ्याकडचंच एक प्रकरण सांगते, म्हणजे तुम्हाला चुका टाळता येतील. चार तोळ्यांच्या पाटल्या, तीन तोळ्यांच्या बांगड्या, तीनची मोहनमाळ, चारचा राणीहार. सगळं माहेरचं. लॉकर सासू आणि नवरा यांच्या नावावर. दुसऱ्या वर्षी दिराने दुकान टाकलं, तेव्हा हार आणि मोहनमाळ सोनेतारण कर्जाला गेले. चौथ्या वर्षी नणंदेचं लग्न, तेव्हा पाटल्या मोडल्या. सहाव्या वर्षी सून माहेरी आली आणि सोनं मागितलं. इकडून उत्तर आलं, "जाताना सगळं घेऊनच गेलीय." उत्तर उत्तम होतं. सगळेच हेच देतात.

यांची माती झाली ती व्यवस्थितपणामुळे. तारण देताना नवऱ्याने रीतसर पावती घेतली होती आणि तीवर 'राणीहार १, मोहनमाळ १' वजनासकट लिहिलेलं. ते वजन तिच्या वडिलांनी जपून ठेवलेल्या बिलाशी जुळलं. लॉकर उघडल्याच्या तारखा आणि सह्या बँकेच्या रजिस्टरमध्ये होत्या, त्यात सुनेची सही एकदाही नाही. वर नवऱ्याने तिला मोबाइलवर संदेश पाठवला होता, 'दिवाळीपर्यंत हार सोडवून आणतो, आईला बोलू नकोस.' जे ती घेऊनच गेली, ते हा दिवाळीला कुठून सोडवून आणणार होता? आम्ही कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. त्या कायद्यात न्यायदंडाधिकारी आधी लॉकरला हात लावायला मनाई करू शकतात आणि मग स्त्रीधन परत करायचा हुकूम देऊ शकतात. तेव्हा कृपा करून पावत्या घेत जाऊ नका आणि बायकोला लिहून तर काहीच कळवू नका.

'घर अडचणीत होतं, घरासाठीच वापरलं' हा बचाव कसा आहे, असं तुम्ही विचाराल. जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत नवऱ्याला चार प्रसंगी बायकोचं धन वापरून परत न करण्याची सूट आहे: दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि सावकाराने किंवा तसल्या कुणी अडकवून ठेवणं. संस्कृतीचा दाखला द्यायची हौस असेल तर यादी नीट वाचा, दिराचं दुकान तीत सापडत नाही. आजचं कोर्ट याहून चिकट आहे. संकटात वापरलंत तरी परत करायची नैतिक जबाबदारी नवऱ्यावर राहते, असं ते म्हणतं.

हे २०२४ सालच्या केरळच्या प्रकरणात म्हटलंय. तिथल्या वधूला ८९ पवन सोनं मिळालं होतं. आठ ग्रॅमचा एक पवन धरला तर ७१२ ग्रॅम, आपल्या हिशेबाने एकाहत्तर तोळे. तिचं म्हणणं असं की लग्नाच्या पहिल्याच रात्री नवऱ्याने ते सांभाळायला म्हणून घेतलं, आपल्या आईकडे दिलं आणि जुनी देणी फेडण्यात ते संपलं. बघा, वेळही तीच आणि शब्दही तोच. कुटुंब न्यायालय तिच्या बाजूने, उच्च न्यायालय विरुद्ध. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा दिवाणी दावा आहे, इथे फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा मागायचा नाही, कोणाचं म्हणणं अधिक संभवनीय आहे ते बघायचं. तिला २५ लाख रुपये मिळाले. पण लग्न २००३ सालचं आणि निकाल २०२४चा, हे विसरू नका. एकवीस वर्षं! एवढा दम कितीजणींना असतो? तुमची खरी भिस्त या आकड्यावर ठेवा.

सोन्याचं झालं. आता खरी मालमत्ता, म्हणजे तिच्या माहेरची जमीन किंवा फ्लॅट. इथे एक अडचण आहे. १७ जून १९५६ ला हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि त्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू बाईच्या हातात असलेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालकीण झाली. वारसाने मिळालेली असो, बक्षीस असो की स्वतः कमावलेली. त्याआधी विधवेला जमीन नुसती हयातभर वापरायला असायची, गरजेचं कारण दाखवल्याशिवाय ती विकता येत नसे. मोठे चांगले दिवस होते. अजूनही तिला हयातीपुरतीच द्यायची तर बक्षीसपत्रात किंवा मृत्युपत्रात पहिल्यापासून तसं लिहावं लागतं. मागाहून घरच्यांच्या मनात आलं म्हणून चालत नाही.

म्हणून तिच्या हयातीत फारसं काही होणार नाही. पुढचं बघा. कायद्याचं पंधरावं कलम तुमच्या बाजूचं आहे आणि ते तिला कुणी समजावून सांगितलेलं नसतं. आईबापांकडून वारसाने आलेली मालमत्ता मूलबाळ नसलेल्या बाईने मृत्युपत्राशिवाय मागे ठेवली, तर ती तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण तोच फ्लॅट बापाने जिवंतपणी बक्षीसपत्राने दिला असेल, तर तो 'वारसाने आलेला' नाही. तो मग नवऱ्याकडे जातो, आणि नवरा नसला तर नवऱ्याच्या वारसांकडे. तेव्हा व्याह्यांना प्रेमाने सुचवा, "कशाला मागे ठेवता, आत्ताच पोरीच्या नावे करून टाका ना." याहून उदार सल्ला जगात नाही.

तिची स्वतःची कमाईही याच वाटेने येते. २००९ सालचं ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण प्रकरण घ्या. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी बाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली आणि १९९६ साली मृत्युपत्र न करता गेली. आई हयात असताना तिचं बँकेतलं आणि भविष्यनिर्वाह निधीतलं सगळं नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळालं. चाळीस वर्षांत त्या घराने तिला एक कप चहा पाजला असेल की नाही कोण जाणे.

हे सगळं उलटवायला तिला लागतो एक कागद, दोन साक्षीदार आणि त्यांच्यासमोर केलेली सही. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीसुद्धा सक्तीची नाही. म्हणून घरात तो शब्द निघाला की लगेच म्हणा, "अशुभ काय बोलतेस गं भरल्या घरात?"

त्या चौदा तोळ्यांच्या प्रकरणात तडजोडीची बोलणी माझ्याच ऑफिसात झाली. नवरा आणि त्याचा वकील बाहेर फोनवर गेले, तेव्हा सासूबाई खुर्चीत तशाच बसून राहिल्या. जरा वेळाने हळू आवाजात मला म्हणाल्या, "मॅडम, माझ्या पण पाटल्या होत्या. यांच्या आईंनी सांभाळायला घेतल्या होत्या. त्याचं आता काही होत नसेल ना?"

किती तोळ्यांच्या होत्या, असं मी विचारलं. त्यांना सांगता येईना. त्यांनी डावा हात पुढे केला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी मनगटावर रुंदी दाखवली.