सरसकट सिझेरियन नाही

“हर्पीस किंवा चामखीळ असेल तर सिझेरियनच करावं लागतं.”

गुप्तांगावरच्या हर्पीस आणि चामखिळीबद्दल तुमच्या लेखात हे वाचलं, पण असं सरसकट नसतं हो. माझ्या जावेला हर्पीस जुनं होतं, ऐरोलीच्या डॉक्टर मॅडमनी 36व्या आठवड्यापासून डिलिव्हरीपर्यंत असायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिलं, कळा सुरू झाल्यावर नीट तपासलं, फोड नाही, जळजळ नाही, मुंग्या नाहीत, म्हणून नॉर्मल केली, बाळ ठणठणीत आहे. यातलं काही असतं तर सिझेरियनच. खरी भीती प्रसूतीच्या तोंडावर पहिल्यांदाच हर्पीस झालं तर, कारण आईच्या अँटिबॉडीज बाळापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही, तेव्हा नॉर्मलमध्ये लागण 30 ते 50 टक्के, जुन्यात जेमतेम 3.

आणि चामखिळी वाट अडवण्याइतक्या किंवा खूप रक्त जाईल इतक्या वाढल्या तरच सिझेरियन, नुसत्या आहेत म्हणून नाही, हे कृपया लेखात दुरुस्त करा.